लुटीची सनद आणि फ्रेंच पास

सतराव्या शतकात सुरतेची जहाजं हिवाळ्यानंतर कापड घेऊन लाल समुद्राकडे निघत आणि मोखा, जेद्दा इथे माल विकून ऑगस्ट-सप्टेंबरात नैऋत्य वाऱ्यावर परतत. परतीला मालापेक्षा रोकडच जास्त असे. सोनं, चांदी, शिवाय हजहून येणारे यात्रेकरू. वाऱ्याची वेळ ठरलेली, बाब-अल-मांदेबची अरुंद सामुद्रधुनी चुकवता न येणारी. त्यामुळे चाच्यांना समुद्र धुंडाळायची गरज नव्हती. तोंडाशी असलेल्या पेरिम बेटाजवळ नांगर टाकून बसलं की झालं.

1695 मध्ये हेन्री एव्हरी या इंग्रजाने तेच केलं. त्याने औरंगजेबाचं ‘गंज-ए-सवाई’ हे मोठं जहाज गाठलं. लढाईत त्या जहाजावरचीच एक तोफ फुटली, एव्हरीच्या गोळ्याने मुख्य डोलकाठी पडली आणि लूट, अत्याचार सुरू झाले. एव्हरी कधीच सापडला नाही. त्याची किंमत सुरतेच्या इंग्रज वखारीने मोजली: अध्यक्ष सॅम्युअल अ‍ॅनस्ली आणि त्याची माणसं बेड्यांत पडली. मोगलांच्या दृष्टीने इंग्रज चाचा आणि इंग्रज व्यापारी वेगळे नव्हते.

अशा चाच्यांचा बंदोबस्त करायला लंडनहून जो माणूस निघाला तो विल्यम किड. त्या काळी युद्ध चालू असताना राजा खाजगी जहाजमालकाला सनद देई: शत्रूची जहाजं पकड, नौदल न्यायालयापुढे आण, न्यायालयाने ती लूट वैध ठरवली की वाटून घे. सनद असली तर तो राजाचा माणूस, नसली तर चाचा आणि फाशीचा धनी. किडकडे दोन सनदा होत्या, एक चाच्यांविरुद्ध आणि एक फ्रेंचांविरुद्ध. पैसा लॉर्ड बेलोमाँट आणि इंग्लंडमधल्या बड्या मंत्र्यांचा. जहाज 34 तोफांचं, ‘अ‍ॅडव्हेंचर गॅली’, वारा पडला तर वल्ह्यांनी चालणारं.

या व्यवस्थेतली खोट खलाशांच्या करारात होती. शिकार नाही तर पगार नाही. न्यू यॉर्कला किडने उरलेली भरती केली तेव्हा खलाशांनी लुटीतला वाटाही मूळ ठरलेल्यापेक्षा बराच वाढवून घेतला. म्हणजे दीड-दोनशे माणसं घरदार सोडून केवळ आशेवर निघालेली. चाचे सापडेनात, फ्रेंच दिसेनात. अशा जहाजावर कप्तानाचं कोण ऐकणार?

ऑगस्ट 1697 मध्ये किड स्वतःच पेरिमपाशी दबा धरून बसला. पण एव्हरीच्या धक्क्यानंतर ताफ्याबरोबर आता संरक्षक जहाजं होती. ईस्ट इंडिया कंपनीच्या ‘सेप्टर’वरून एडवर्ड बार्लोने तोफा डागल्या आणि किडला माघार घ्यावी लागली. तिथून तो कारवार आणि मलबार किनाऱ्याला आला. बंडाचं वारं वाहत होतंच. ऑक्टोबरात वादावादीत त्याने विल्यम मूर या गोलंदाजाच्या डोक्यात लोखंडी पट्ट्यांची बादली घातली. मूर दुसऱ्या दिवशी मेला.

30 जानेवारी 1698 ला मलबारजवळ ‘क्वेडा मर्चंट’ दिसलं. रेशीम, मलमल, साखर, अफू असा माल. त्यात आर्मेनियन व्यापारी आणि मोगल दरबारातला एक अमीर यांची गुंतवणूक. कप्तान मात्र इंग्रज. किडने फ्रेंच निशाण चढवलं. त्या काळी व्यापारी जहाजं इंग्रज, डच, फ्रेंच असे निरनिराळे पास जवळ ठेवत आणि समोर जे निशाण दिसेल त्याचा पास पुढे करत. (आंग्रे आपल्या पाण्यात असाच दस्तक मागत. तो नसलेलं जहाज ते पकडत, म्हणून कंपनीने त्यांनाही चाचे म्हटलं. पण कान्होजी मराठ्यांचे सरखेल होते, हे विसरायचं नाही.) इथेही फ्रेंच पास पुढे आला आणि किडने लगेच जहाज फ्रेंच ठरवून ताब्यात घेतलं. कायद्याच्या शब्दांत डाव बसत होता. पण निवाड्याची वाट न बघता त्याने किनाऱ्यावरच बराच माल विकला, आणि तिथे तो सनदेबाहेर गेला.

सुरतेला पुन्हा कंपनीवर संकट आलं. कंपनीने लंडनला तक्रारींचा मारा केला आणि सरकारने चाच्यांसाठी जाहीर केलेल्या माफीतून किडचं नाव वगळलं. 1699 मध्ये तो बोस्टनला आला, तेव्हा त्याचाच भागीदार बेलोमाँट याने त्याला अटक केली. किडने फ्रेंच पास त्याच्याच स्वाधीन केले होते आणि ते लंडनला पोचलेही होते. 1701 च्या खटल्यात मात्र ते कुणाला ‘सापडेनात’. दरम्यान त्याच्या आश्रयदात्या मंत्र्यांवर संसदेत विरोधक तुटून पडले होते. किडचा बचाव करणं म्हणजे स्वतःला अडकवणं होतं. 23 मे 1701 ला त्याला लंडनला थेम्सकाठी फाशी झाली. पहिल्यांदा दोर तुटला, म्हणून पुन्हा चढवलं.

ते पास विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनच्या सरकारी दप्तरात मिळाले. ते न्यायालयापुढे आले असते तर चाचेगिरीचा आरोप बराच ढिला पडला असता. पण त्याला पहिली शिक्षा झाली होती मूरच्या खुनाबद्दल, आणि त्या आरोपापुढे कुठल्याही राजाचा पास चालणार नव्हता.