बिल बरोबर असेल, पण उत्तर समजतं का?

‘आपल्या तक्रारीच्या अनुषंगाने कळविण्यात येते की, सदर देयक मागील दोन महिने सरासरी वापरानुसार आकारण्यात आले होते. चालू महिन्यात प्रत्यक्ष रीडिंगनुसार स्लॅब लाभ देऊन समायोजन करण्यात आले आहे. सबब देयक योग्य आहे.’

वीज कंपन्यांची उत्तरं साधारण अशी असतात. त्यात खोटं काही नसतं, पण ग्राहकाचा प्रश्न वेगळाच असतो: दर महिन्याला सहाशेच्या आसपास येणारं बिल एकदम 2,876 रुपये 80 पैसे कसं झालं? 2020 च्या लॉकडाऊनमध्ये मीटर रीडिंग थांबलं होतं. नंतर साठलेल्या युनिटांची बिलं घरोघरी आली, तेव्हा महाराष्ट्रभर हाच प्रश्न विचारला गेला. घराला कुलूप असलं किंवा मीटरपर्यंत पोहोचता आलं नाही, तर आजही तो उद्भवतो.

हेच उत्तर ग्राहकाला कळेल असं लिहायचं, तर सुरुवात नियमापासून न करता मीटरपासून करावी. समजण्यापुरतं एक उदाहरण घेऊ. मार्चच्या सुरुवातीला मीटरवर 8,420 हा आकडा होता आणि मेच्या शेवटी 8,870. म्हणजे तीन महिन्यांत 450 युनिट वीज वापरली गेली. मार्च आणि एप्रिलमध्ये रीडिंग न मिळाल्याने प्रत्येकी 80 युनिटांचं सरासरी बिल आलं होतं. नव्या पत्राचं पहिलं वाक्य असं असावं: ‘दोन महिने तुमचं बिल प्रत्यक्ष वापरापेक्षा कमी युनिटांचं आलं. तो फरक या बिलात आला आहे. दंड लावलेला नाही.’

आता ‘स्लॅब लाभ’. युनिट वाढतील तसा त्यापुढच्या युनिटांचा दर चढतो. पहिल्या 100 युनिटांना 5 रुपये, 101 ते 300 पर्यंत 11 आणि त्यापुढे 15 रुपये असे सोपे दर धरू. वहन आकार म्हणजे वीज घरापर्यंत आणण्याचा खर्च. तो या दरांतच धरू आणि इंधन समायोजन शून्य मानू. सगळी 450 युनिटं एकाच महिन्याची धरली, तर 4,950 रुपये होतात. पण ती तीन महिन्यांची आहेत, म्हणून महिन्याला 150 धरायची. पहिल्या 100 चे 500 आणि उरलेल्या 50 चे 550, असे 1,050 रुपये. तीन महिन्यांचे 3,150. कंपनीने दिलेला ‘लाभ’ म्हणजे हा 1,800 रुपयांचा फरक. पत्रात तो शब्द लिहून थांबू नये, दोन्ही रकमा शेजारी मांडाव्यात.

पुढची आकारणीही याच क्रमाने सांगता येते. स्थिर आकार वीज वापरली नाही तरी लागतो. महिन्याला 130 धरला, तर तीन महिन्यांचे 390 होतात आणि बेरीज 3,540 वर जाते. त्यावर 16 टक्के वीज शुल्क, म्हणजे 566 रुपये 40 पैसे. हा राज्य सरकारचा कर. कंपनी तो फक्त गोळा करते. एकूण झाले 4,106 रुपये 40 पैसे. यातून मार्च आणि एप्रिलच्या बिलांचे प्रत्येकी 614 रुपये 80 पैसे, म्हणजे 1,229 रुपये 60 पैसे वजा केले की 2,876 रुपये 80 पैसे उरतात. मूळ पत्रातलं ‘समायोजन’ म्हणजे ही वजाबाकी.

अशी मांडणी केली की चूक असेल तर तीही उघडी पडते. सरासरी बिलं भरूनही वजा झाली नसतील, तर तेच पैसे पुन्हा मागितले गेले आहेत. 450 युनिटं एका महिन्यात घातली असतील, तर 15 रुपयांचा दर लागलेला दिसेल. मीटरवर आज 8,870 पेक्षा कमी आकडा असेल आणि मीटर बदललेला नसेल, तर रीडिंगच चुकलं आहे.

या हिशेबालाही मर्यादा आहे. समान वाटणी ही केवळ सोय. मेच्या उन्हाळ्यात पंखे जास्त चालले असणार, हे ती धरत नाही. आणि मीटर जोरात पळतो आहे का, याचं उत्तर कागदावर मिळत नाही. त्यासाठी मीटर तपासणीचा अर्ज करावा लागतो. तो कुठे द्यायचा आणि शुल्क किती, हे पत्रातच असावं.

शेवटच्या ओळीत पुढची वाट सांगावी: उत्तर पटलं नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंच, तिथेही समाधान झालं नाही तर विद्युत लोकपाल. 2003 च्या वीज कायद्याने ही सोय दिली आहे. मंचाकडे जाताना हेच पत्र सोबत न्यावं. कुठला आकडा मान्य नाही, त्यावर नेमकं बोट ठेवता आलं की तक्रार ‘बिल जास्त आलं’ एवढ्यावर अडत नाही.