चंद्रकोर कुणाची?

शाळेच्या स्वाध्यायात एक ठरलेला प्रश्न असतो: जोड्या लावा. डावीकडे दिवा, चक्र, क्रॉस, चंद्रकोर आणि उजवीकडे ज्ञान, धर्म, त्याग, इस्लाम. चार रेघा ओढल्या की चार गुण पदरात पडतात आणि वही मिटते. पण शंकराच्या जटेतली चंद्रकोर कुठल्या रकान्यात बसवायची, असं एखाद्या पोराने विचारलं की पंचाईत होते. बाईंच्या कपाळावरच्या चंद्रकोरीच्या टिकलीचं काय करायचं, हा तर त्याहून अवघड प्रश्न.

या स्वाध्यायाचा दोष असा की उत्तर हाती आल्यावर वस्तूकडे पुन्हा बघण्याची गरजच उरत नाही. कलेचे अभ्यासक उलट्या बाजूने सुरुवात करतात. एर्विन पॅनॉफ्स्की या कला-इतिहासकाराने १९३९च्या आपल्या पुस्तकात अगदी साधं उदाहरण घेतलं आहे. रस्त्यात एक माणूस डोक्यावरची हॅट उचलतो. आधी दिसते ती फक्त हालचाल. ती ओळखीची खूण आहे, हे तिथल्या रीतीभाती ठाऊक असतील तरच कळतं. आणि त्या खुणेमागे मध्ययुगीन सरदारांची शिरस्त्राण काढून ‘माझ्यापासून धोका नाही’ असं दाखवण्याची चाल आहे, हे कळायला इतिहास लागतो. पायऱ्या याच क्रमाने चढायच्या. आपण बहुतेक वेळा तिसऱ्या पायरीवर उडी मारतो आणि पहिली विसरतो.

दिव्यावर हे करून बघायला फार लांब जायला नको. ‘दिवा म्हणजे ज्ञान’ हे उत्तर बाजूला ठेवा आणि फक्त वात कुठल्या दिशेला आहे ते बघा. देवासमोरच्या दिव्याची वात दक्षिणेकडे झाली तर घरातलं वडीलधारं माणूस लगेच टोकतं. मात्र धनत्रयोदशीच्या संध्याकाळी तीच दिशा मुद्दाम निवडतात. कणकेचा दिवा करून, त्याचं तोंड दक्षिणेकडे ठेवून तो यमासाठी लावतात, अपमृत्यू टळावा म्हणून. तेल तेच, वातही तीच. बदलली ती फक्त दिशा आणि तिथी. इथे ज्ञानाचा संबंध कुठेच येत नाही. कॅथलिक चर्चमध्ये वेदीजवळ बहुधा लाल काचेतला दिवा अखंड तेवत असतो. तो सांगतो की शेजारच्या पेटीत पवित्र साक्रामेंत ठेवलेला आहे. गुड फ्रायडेला ती पेटी रिकामी असते आणि दिवाही विझलेला असतो. तेव्हा दिव्याचा सराव करताना पहिला प्रश्न ‘याचा अर्थ काय’ हा नको. तो कधी लावतात, कधी विझवतात आणि त्याचं तोंड कुणीकडे आहे, हे विचारावं. अर्थ पाठोपाठ येतो.

चक्राच्या बाबतीत शेजारी कोण आहे हे बघावं लागतं. सांची किंवा भारहुतच्या शिल्पांत खांबावर किंवा आसनावर एक चक्र असतं आणि भोवती हात जोडलेली माणसं. तिथे बुद्धाची मूर्ती कोरलेली नाही. त्याच्या जागी चक्रच आहे. अशा चक्राच्या दोन्ही बाजूंना हरणं दिसली की ठिकाणही कळतं: सारनाथचं मृगवन, पहिलं प्रवचन. हरणं काढून टाका, तेच चक्र एखाद्या राजाच्या सत्तेचं किंवा सूर्याच्या रथाचं होऊ शकतं. कोणार्कची चाकं सूर्याचीच आहेत. आणि ते विष्णूच्या बोटावर असेल तर ते शस्त्र.

आकडे मोजण्याच्या नादात इथे फसगत होते. सारनाथच्या स्तंभशीर्षाच्या बैठकीवर, प्राण्यांच्या मधे, चोवीस आऱ्यांची चक्रं आहेत. २२ जुलै १९४७ रोजी संविधान सभेने राष्ट्रध्वज स्वीकारला तेव्हा त्यावर घेतलेलं चक्र हेच. आता चोवीस आरे म्हणजे चोवीस गुण किंवा दिवसाचे चोवीस तास, अशा याद्या दर पंधरा ऑगस्टला फिरतात. अशोकाच्या एकाही लेखात या आऱ्यांचा अर्थ दिलेला नाही. शिवाय त्याच सिंहांच्या डोक्यावर एक मोठं चक्र होतं. त्याचे तुकडे उत्खननात सापडले आणि त्याला बत्तीस आरे होते. एकाच स्तंभावर दोन आकडे असतील तर फक्त एकाचीच यादी करणाऱ्याने दुसऱ्याचंही उत्तर द्यायला हवं.

पण खरा कस लागतो तो चंद्रकोरीवर, कारण हे चिन्ह आपल्याला फार ओळखीचं वाटतं. आपल्याकडच्या वीरगळांपासून सुरुवात करू. वीरगळ खालून वर वाचायचा असतो. तळाच्या चौकटीत लढाई आणि पडलेला वीर, त्यावर त्याला वर नेणाऱ्या अप्सरा, त्यावर शिवलिंगाची पूजा करणारा तोच वीर. सगळ्यात वर एक पूर्ण वर्तुळ आणि एक चंद्रकोर. वर्तुळ म्हणजे सूर्य. जोडीने आलेली ही दोन चिन्हं काळाबद्दल बोलतात: जोवर सूर्य-चंद्र आहेत तोवर याची कीर्ती राहील. कोकणातल्या शिलाहारकालीन गद्धेगाळांवरही हीच जोडी माथ्यावर असते, मधे दानाचा मजकूर आणि खाली दान मोडणाऱ्याला दिलेली अर्वाच्य शिवी, चित्रासकट. तिथे सूर्य-चंद्र मुदत सांगतात. आजच्या कागदपत्रांत ‘कायमस्वरूपी’ लिहितात तसं. म्हणजे सूर्य शेजारी असताना चंद्रकोरीचा अर्थ एक, आणि ती एकटी शंकराच्या जटेत असताना दुसरा.

आता ताजमहालाकडे वळू. मुख्य घुमटाच्या टोकावरच्या धातूच्या कळसात चंद्रकोर आहे, दोन्ही टोकं वर. त्या टोकांच्या मधून कळसाचं शेंड्याचं टोक वर जातं, त्यामुळे खालून बघणाऱ्याला तीन टोकं दिसतात. ‘हा तर त्रिशूळ’ असं म्हणणारे त्यावर मोठमोठे निष्कर्ष उभारतात. इथे पहिली पायरी कामी येते. याच कळसाची पूर्ण आकाराची आकृती ताजच्या पूर्वेकडच्या मेहमानखान्यासमोर फरसबंदीत काळ्या दगडात बसवलेली आहे. ती पायाखाली असल्याने मान वर करून अंदाज बांधावा लागत नाही. कोर स्वतंत्र आहे आणि तिच्यावर बसवलेला मधला भाग लहान कलशासारखा फुगीर होऊन मग निमुळता होतो, हे तिथे दिसतं. त्रिशूळाचे तिन्ही फाळ एका दांड्यातून फुटतात. इथे तशी रचना नाही. तरीही कळस ही भारतीय मंदिरांच्या शिखरावरची गोष्ट आहे, हे खरंच. मुघलांच्या कारागिरांनी ती उचलली आणि तिच्यावर कोर चढवली. ज्यांना निव्वळ इस्लामी किंवा निव्वळ हिंदू वस्तू हवी आहे, त्यांची दोघांचीही इथे सोय नाही.

चंद्रकोर मुळात इस्लामची, हे गृहीतकही तपासून बघण्याजोगं आहे. इस्लामच्या आधी इराणच्या सासानी राजांच्या नाण्यांवर कोर आणि चांदणी आहे. बायझँटियम या जुन्या ग्रीक शहराच्या नाण्यांवरही ती सापडते. तेच शहर पुढे इस्तंबूल झालं. सुरुवातीच्या इस्लामचं हे अधिकृत चिन्ह नव्हतं. त्याचा जगभर प्रसार झाला तो मुख्यतः उस्मानी साम्राज्याच्या निशाणावरून, अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांत. पुढे नवी राष्ट्रं झाली तेव्हा तुर्कस्तान, ट्युनिशिया, पाकिस्तान यांच्या झेंड्यांवर कोर आली. उलट मक्का-मदिना ज्या देशात आहेत त्या सौदी अरेबियाच्या झेंड्यावर ती नाही, आणि जगात सर्वाधिक मुसलमान असलेल्या देशांपैकी एक असलेल्या इंडोनेशियाच्याही झेंड्यावर नाही. धर्मात चंद्राचं महत्त्व आहे ते दिनदर्शिकेपुरतं: महिना कोर दिसल्यावर सुरू होतो, म्हणून रमजान आणि ईदसाठी सगळे पश्चिमेकडे डोळे लावून बसतात. पूजा त्यात नाही, आणि अनेक मौलवी या खुणेला धर्माचं चिन्ह म्हणायलाही तयार नसतात.

मुलांना आवडेल असा एक छोटा स्वाध्याय इथेच आहे. ट्युनिशियाचा झेंडा बघा. चांदणी कोरीच्या पोटात आहे. आकाशात हे घडूच शकत नाही, कारण कोरीच्या आत जे रिकामं वाटतं तिथे चंद्राचाच अंधारा भाग असतो आणि तारा त्याच्या मागे झाकला जातो. म्हणजे ही आकृती आकाश बघून काढलेली नाही, ती निशाणासाठी मांडलेली आहे. एवढं एक निरीक्षण स्वतःचं असलं, तर पुढच्या कुठल्याही विधानावर विश्वास ठेवण्याआधी मूल वस्तूकडे पुन्हा एकदा बघतं.

क्रॉसचं वाचन त्यामानाने सोपं वाटतं, पण तिथेही कुणी आणि कधी उभा केला हे विचारावं लागतं. मुंबईत १८९६ साली प्लेगची साथ आली, तेव्हा वांद्र्यासारख्या भागातल्या ईस्ट इंडियन वस्त्यांमध्ये रस्त्याकडेला क्रॉस उभे राहिले. चौथऱ्यावरचा मजकूर आणि साल वाचलं की कळतं, हे क्रॉस त्यागाची शिकवण देण्यासाठी नव्हते. साथ गल्लीच्या तोंडाशीच थांबावी म्हणून ते होते. काही जुन्या क्रॉसवर शिडी, खिळे, भाला, कोंबडा, फासे असंही कोरलेलं असतं. कोंबडा म्हणजे पीटरने येशूला नाकारलं ती पहाट, फासे म्हणजे येशूच्या झग्यासाठी सैनिकांनी टाकलेल्या चिठ्ठ्या. एकेक वस्तू म्हणजे कथेतला एकेक प्रसंग.

क्रॉस आणि चंद्रकोर समोरासमोर आले ते मात्र देवळात किंवा मशिदीत नाही, रणांगणावर आले. १८६४च्या जिनिव्हा कराराने जखमींवर उपचार करणाऱ्यांसाठी पांढऱ्यावर लाल क्रॉस ठरवला. हे स्वित्झर्लंडच्या झेंड्याचे रंग उलटे केलेले आहेत, तो ख्रिस्ती क्रॉस नव्हे, असा त्यांचा खुलासा होता. समोरच्याने मात्र तो क्रॉस म्हणूनच वाचला. १८७६ मध्ये उस्मानी सरकारने आपल्या बाजूने लाल चंद्रकोर वापरायला सुरुवात केली, आणि १९२९च्या करारात तीही मान्य झाली. इस्रायलला आपला सहा टोकांचा लाल तारा हवा होता, त्याला मात्र तशी मान्यता मिळाली नाही. शेवटी २००५ मध्ये तिसरं चिन्ह ठरलं: टोकावर उभी केलेली लाल रंगाची पोकळ चौकट, नाव लाल स्फटिक. धर्म, देश, परंपरा यांपैकी कशाचाच वास येऊ नये, अशा बेताने तो आकार निवडला होता. दुसऱ्या देशात काम करताना इस्रायली पथकं आता त्या चौकटीच्या आत आपला तारा घालू शकतात.