पावसाळा प्यायलेली कॉफी

जून महिना लागला की पश्चिम किनाऱ्यावरचा व्यापारी धास्तावतो. सुपारी, मिरी, धान्य, जे काही वखारीत असेल ते दमट हवेपासून वाचवायचं असतं. मंगळूरच्या काही कॉफी वखारींत मात्र याच दिवसांत चारही बाजूंची दारं-झडपा सताड उघडतात आणि चांगल्या वाळलेल्या कॉफीच्या बिया मुद्दाम वाऱ्यावर ठेवल्या जातात. अट एकच: वारा लागू द्यायचा, पावसाचा थेंब लागू द्यायचा नाही. तीन-चार महिन्यांनी तिथून जी कॉफी बाहेर पडते तिला जगभर ‘मॉन्सून्ड मलबार’ म्हणतात. भौगोलिक मानांकन मिळालेली ही कॉफी बहुतांश परदेशी जाते.

कॉफीच्या व्यापारात तिच्या जन्माची कथा अशी सांगतात. शिडाच्या जहाजांच्या काळात मलबार किनाऱ्यावरून निघालेला माल आफ्रिकेला वळसा घालून युरोपात पोचायला चार-सहा महिने लागत. लाकडी जहाजाच्या तळाशी, खाऱ्या दमट हवेत पोती पडून राहत. हिरवट बिया फुगत, पिवळ्या पडत, आणि तिकडच्या गिऱ्हाइकाला, विशेषतः उत्तर युरोपातल्या, हीच हिंदुस्थानी कॉफीची खरी चव वाटू लागली. 1869 साली सुएझ कालवा खुला झाला, आगबोटी आल्या आणि माल ताजा पोचू लागला. गिऱ्हाईक नाराज झालं. मग जहाजात आपोआप घडणारी गोष्ट किनाऱ्यावरच घडवून आणायची युक्ती निघाली. त्यासाठी लागणारा वारा पावसाळ्यात मंगळूर ते कोळीकोडच्या पट्ट्यात फुकट मिळतो.

एखाद्या मालाचा प्रवास पाहिला की हे काम किती निगुतीचं आहे ते कळतं. चिकमगळूर-कोडगूच्या मळ्यांतली अरेबिका कॉफी हिवाळ्यात तोडली जाते. मॉन्सूनसाठी शक्यतो फळ सालीसकट उन्हात वाळवलेला माल घेतात. साल काढून, मोठे दाणे वेगळे करून तो किनाऱ्यावर येतो तेव्हा दाण्यांत साधारण 11 टक्के ओलावा असतो. पावसाने जोर धरला की दाणे वखारीच्या जमिनीवर वीतभर किंवा त्याहून कमी जाडीच्या थरात पसरतात आणि चार-पाच दिवस दंताळ्याने सारखे वरखाली करतात. दाणे हवेतला ओलावा ओढून घेतात. मग ते गोणपाटाच्या पोत्यांत सैलसर भरतात आणि दोन रांगांमधून वारा खेळेल अशा बेताने पोती रचतात. साधारण आठवड्याने ती रिकामी करायची, माल एकत्र मिसळायचा, पुन्हा भरायचा, पुन्हा रचायचा. सप्टेंबर सरेपर्यंत हाच क्रम चालतो.

पोती दाबून भरली किंवा हलवायला उशीर झाला तर आतला माल तापतो आणि बुरशी धरते. मध्येच पावसाने दडी मारली तर दाणे अर्धवट फुगतात. शिवाय दमट साठ्यावर भुंगेरे टपलेले असतातच, त्यांच्यासाठी धुरी द्यावी लागते. शेवटी यंत्राने आणि मग हाताने निवड होते. न फुगलेले, गडद राहिलेले दाणे बाजूला पडतात. तयार दाणा जवळजवळ दीडपट मोठा, वजनाला हलका आणि वाळक्या गवतासारखा फिकट सोनेरी दिसतो. त्यातला ओलावा 13-14 टक्क्यांच्या आसपास राहतो. एरवीच्या कॉफीला साडेबारा टक्क्यांच्या वर जाऊ देत नाहीत, म्हणजे ही कॉफी जन्मतःच थोडी जोखमीची.

आत नेमकं काय घडतं? मुख्य गोष्ट म्हणजे आंबटपणा जातो. ताज्या अरेबिकात लिंबाची आठवण करून देणारी जी तरतरी असते ती देणारी आम्लं या महिन्यांत ओसरतात. दुसरीकडे मसाल्याचा वास वाढतो. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी 2003 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात या कच्च्या बियांमध्ये मसालेदार वासाची दोन संयुगं ठळकपणे आढळली. त्यांतलं एक, आयसोयूजेनॉल, लवंगेच्या वासाच्या कुळातलं आहे.

कपात उतरते ती जाड, गुळगुळीत, मातकट कॉफी. जिभेवर भार जाणवतो, मागे तंबाखू, कडू चॉकलेट, किंचित मसाला. आणि हो, एक कुबट छटाही. घरातल्या जुन्या तांदळाला जसा आपला वेगळा वास असतो, नव्या तांदळाच्या सुगंधाशी त्याची तुलना करून चालत नाही, तसंच काहीसं हे. मात्र कुबटपणाच्या या छटेची हद्द बारीक आहे. ओल्या मातीचा, गवताचा वास आला तर माल ठीक. भिजलेल्या पोत्याचा किंवा औषधी वास आला तर तो बिघडलेला. नुसत्या जुन्या, वर्षभर पडून राहिलेल्या बियाही फिकट होतात, पण त्या फुगलेल्या नसतात आणि त्यांची कॉफी पुठ्ठ्यासारखी लागते. कच्चा माल घेणाऱ्याला रंगापेक्षा आकार जास्त खरं सांगतो.

मग ही कुणी प्यावी? दूध घालून पिणाऱ्याने, बिनदिक्कत. आंबट कॉफी दुधात बेसूर लागते. ही दुधाखाली दबत नाही. दाक्षिणात्य पितळी फिल्टरमध्ये हिचा दाट अर्क छान उतरतो, आणि चिकोरी न घालताही जाडी मिळते. एस्प्रेसोच्या मिश्रणांत इटलीपासून अमेरिकेपर्यंत ती घालतात ती याच जाडीसाठी आणि वरच्या दाट फेसासाठी. सहसा ती एकटी नसते, तिच्या सोबतीला थोडी चमक असलेली दुसरी कॉफी असते.

केनिया-इथिओपियाच्या फळांसारख्या, रसरशीत कॉफीवर ज्यांचा जीव आहे त्यांनी मात्र हिच्यावर पैसे घालवू नयेत. कागदी गाळणीतून पातळ काढली तर ती सपाट आणि धुळकट वाटते, कारण तिचा मोठा गुण म्हणजे जाडी, आणि कागद नेमकी तीच अडवतो. पित्ताचा त्रास असलेल्यांनाही ही पोटाला हलकी म्हणून विकली जाते. तिथे जरा जपून. आंबटपणा कमी झाला म्हणून कॅफीन गेलेलं नसतं, आणि जिभेला जाणवणारा आंबटपणा म्हणजे पोटातलं पित्त नव्हे.

घरी भाजणाऱ्यांसाठी एक सूचना. दाणा फुगीर आणि पोकळ असल्याने मोठ्या आचेवर बाहेरून करपतो, आतून कच्चा राहतो. सुरुवातीची आच बेताची ठेवावी. रंगावर विसंबू नये, कारण सुरुवातच पिवळ्यापासून होते. तडतडही दबकी असते, कान देऊन ऐकावी लागते. मध्यम ते किंचित गडद भाजणी हिला मानवते. त्यापुढे गेलं की मसाला जळतो आणि उरतो तो फक्त कडवटपणा. भाजलेली कॉफी विकत घेताना भाजल्याची तारीख तर पाहावीच, पण माल कोणत्या पावसाळ्यातला हेही दुकानदाराला विचारावं. नव्या पावसाळ्याचा माल दसरा-दिवाळीच्या आगेमागे वखारीतून निघायला लागतो.