दहाच्या नाण्यात बिस्किटही, सुटेही

पंधरा रुपयांचा बिस्किटपुडा देणारं एक व्हेंडिंग मशीन डोळ्यांसमोर आणा. त्यात फक्त ५ आणि १० रुपयांची नाणी चालतात. त्याच्या कंट्रोलरला हिशेबाची वही लागत नाही. आतापर्यंत किती पैसे पडले, एवढंच त्याने लक्षात ठेवलं की झालं. १५ झाले की पुडा पडतो आणि मशीन पुन्हा शून्यावर येतं. म्हणजे लक्षात ठेवण्याजोग्या गोष्टी तीनच: शून्य, ५ आणि १०.

कागदावर या तीन अवस्थांची तीन वर्तुळं काढायची आणि नाण्यांचे बाण जोडायचे. शून्यातून ५ चा बाण पाचाकडे जातो, १० चा दहाकडे. दहाच्या वर्तुळात आणखी १० पडले तर २० होतात. मग बाण शून्याकडे परततो आणि त्यावर लिहायचं: पुडा द्या, ५ परत करा. हीच अवस्था-आकृती.

सर्किटला वर्तुळं कळत नाहीत, त्याला 0 आणि 1 लागतात. तीन अवस्थांसाठी दोन फ्लिप-फ्लॉप पुरतात. मग आकृतीचा तक्ता असा होतो (Z म्हणजे पुडा, C म्हणजे ५ रुपये सुटे):

```
Q1Q0 | 5 रु. | 10 रु.
00   | 01    | 10
01   | 10    | 00 Z
10   | 00 Z  | 00 Z C
11   | ?     | ?
```

नाणं पडलं नाही, तर अवस्था आहे तशीच राहते.

गोम शेवटच्या ओळीत आहे. दोन बिटांचे चार संकेत होतात, आपण तीनच वापरले. 11 कधी येणारच नाही, असं धरून ती ओळ 'डोंट केअर' ठेवली की सर्किट स्वस्तात होतं. पुडा केव्हा द्यायचा? Q1 एक असताना कुठलंही नाणं पडलं, किंवा Q0 एक असताना १० चं पडलं तर. सुटे केव्हा? Q1 एक असताना १० चं पडलं तर.

पण वीज येते तेव्हा फ्लिप-फ्लॉप कुठल्याही स्थितीत उठू शकतात, 11 मध्येसुद्धा. तिथे Q1 एकच आहे. त्यामुळे पहिल्याच गिऱ्हाइकाने १० चं नाणं टाकलं की पुडाही पडतो आणि वर ५ रुपये परत. पंधराचा माल पाचात! आकृतीत हे दिसत नाही, कारण तिथे चौथं वर्तुळच नाही.

उपाय दोन, आणि दोन्ही करावेत. वीज येताच रीसेट देऊन 00 पासून सुरुवात करायची. शिवाय 11 ची ओळ भरून टाकायची: नाणं पडो न पडो, पुढच्या ठोक्याला 00, पुडा नाही, सुटे नाहीत. ठोका मिलिसेकंदाचा असेल, तर गिऱ्हाइकाचा हात खिशात जाईपर्यंत मशीन ताळ्यावर आलेलं असतं. त्यासाठी सर्किटमध्ये थोडी गेट्स वाढतात, पण दर वेळी वीज गेल्यावर पुडे मोजत बसावं लागत नाही.