सोयाबीन पिवळं पडलं : रोग, पाणी की लोहाची कमतरता? कृषीदूत असं ओळखतात

पुणतांबा : पेरणीला तीन-चार आठवडे झाले, झड लागून गेली, की गोदाकाठच्या काळ्या रानात सोयाबीन पिवळं दिसू लागतं. गावात एकच शब्द ऐकू येतो, 'केवडा पडला'. उसाचा खोडवा पांढरट पडला तरी केवडा आणि विषाणूचा पिवळा मोझॅक आला तरी केवडाच. पण पहिली अन्नद्रव्याची कमतरता आहे आणि दुसरा रोग. नाव एक म्हणून औषध एक केलं, तर फवारणीचा खर्च वाया जातो आणि रोग असेल तर तो तोवर रानभर पसरतो.

खरीपात गावोगावी येणारे कृषी महाविद्यालयाचे विद्यार्थी, म्हणजे कृषीदूत आणि कृषीकन्या, हा फरक कसा करतात ते एका उदाहरणाने पाहू.

समजा, दोन एकर सोयाबीन आहे आणि चारीच्या बाजूचा सखल पट्टा पिवळा पडलाय. विद्यार्थी आधी पान तोडत नाहीत. बांधावर उभं राहून पिवळेपणा कुठे आहे ते पाहतात. सलग पट्टा पिवळा असेल तर कारण बहुधा जमिनीत किंवा पाण्यात असतं. चांगल्या झाडांत मधेच एखाद-दुसरं झाड पिवळं असेल तर रोगाचा संशय येतो.

नवं पान की जुनं?

मग झाड जवळून पाहायचं. लोह झाडात एकदा जिथे गेलं तिथून सहसा हलत नाही. त्यामुळे कमतरता आधी शेंड्याच्या कोवळ्या पानावर दिसते. शिरा हिरव्या आणि मधला भाग एकसारखा पिवळा, अशी जाळी दिसते. नत्र मात्र जुन्या पानातून नव्याकडे जातं, म्हणून नत्र कमी पडलं की खालची पानं आधी पिवळी होतात.

पिवळ्या मोझॅकमध्ये अशी नीट जाळी नसते. हिरवे-पिवळे चट्टे शिरांची शिस्त न पाळता वेडेवाकडे पसरतात. पान उलटून पाहिलं तर बऱ्याचदा पांढरी माशी सापडते, कारण हा विषाणू तीच पसरवते.

मूळ उपटून पाहा

पाण्याचं कारण मुळाशी कळतं. खुरप्याने झाड मातीसकट काढायचं. पाणी साचलं असेल तर मुळं तपकिरी, मऊ झालेली असतात, मातीला कुबट वास येतो आणि खालची पानंही फिकी दिसतात. पाण्याचा ताण असेल तर पान दुपारी मलूल होतं, उलटून फिकट बाजू दाखवतं आणि सकाळी पुन्हा टवटवीत होतं.

इथेच गफलत होते. चुनखडीच्या रानात पाणी साचलं की जमिनीत असलेलं लोहही मुळाला घेता येत नाही. म्हणजे लक्षण लोहाचं, पण मूळ दुखणं निचऱ्याचं. मातीवर पातळ हायड्रोक्लोरिक आम्लाचे दोन थेंब टाकल्यावर फेस आला, तर चुनखडी आहे असं समजायचं. अशा रानात चर काढून वापसा आला की बरंचसं पीक आपोआप हिरवं होतं.

विद्यार्थी आणखी एक प्रश्न विचारतात, 'तणनाशक कधी मारलं?' काही तणनाशकांनंतर थोडे दिवस नवी पानं पिवळी दिसतात. तारीख न विचारता लोहाची कमतरता ठरवली तर निदान चुकतं.

चार ओळींची परीक्षा

तरीही खात्री नसेल तर सगळं रान फवारायचं नाही. एक लिटर पाण्यात ५ ग्रॅम फेरस सल्फेट आणि १ ग्रॅम सायट्रिक आम्ल विरघळवायचं. पिवळ्या पट्ट्यातल्या चार ओळी घ्यायच्या. दोन ओळींवर संध्याकाळी हे द्रावण फवारायचं आणि शेजारच्या दोन तशाच सोडायच्या. द्रावण ताजंच वापरायचं, तांबूस झालेलं नको.

चार-पाच दिवसांत फवारलेल्या ओळींचा शेंडा हिरवा होऊ लागला आणि शेजारच्या ओळी पिवळ्याच राहिल्या, तर लोहच कमी होतं. बऱ्याचदा थेंब पडला तिथेच आधी हिरवे ठिपके दिसतात. मग याच प्रमाणात, म्हणजे १० लिटरला ५० ग्रॅम फेरस सल्फेट घेऊन, बाकीचा पट्टा फवारायचा. चारही ओळी हिरव्या झाल्या तर ते काम वापशाने केलं, फवाऱ्याने नाही. काहीच फरक नसेल तर लोहावरचा पुढचा खर्च थांबवायचा.

मोझॅकच्या झाडाला मात्र पाच दिवस थांबायला नको. विषाणू लागलेलं झाड कोणत्याही फवाऱ्याने बरं होत नाही. ते दिसल्याबरोबर उपटून रानाबाहेर नेऊन गाडायचं आणि पांढऱ्या माशीचा बंदोबस्त करायचा.

या परीक्षेलाही मर्यादा आहे. एकाच झाडावर कमतरता आणि रोग दोन्ही असू शकतात. शिवाय फवाऱ्याने आताचं पान हिरवं होतं, पण रान तेच राहतं, म्हणून पुढची पानं पुन्हा पिवळी निघू शकतात. दरवर्षी तोच पट्टा पिवळा पडत असेल, तर त्या पट्ट्यातली आणि चांगल्या भागातली माती वेगवेगळ्या पिशवीत भरून तपासायला द्यावी. विहिरीचं पाणीही सोबत न्यावं. राहाता तालुक्यात बाभळेश्वरच्या कृषी विज्ञान केंद्रात ही तपासणी होते.