शनिवारची वही

सकाळी ७:४०

वाघोलीच्या पुढे पाच मजल्यांची इमारत उभी राहते आहे. मुकादम तळमजल्यावर सिमेंटच्या गोण्यांवर बसलाय, मांडीवर लांबट वही. आठवड्याला एक पान, माणशी एक ओळ, ओळीत सोमवार ते शनिवार सहा घरं. पूर्ण हजेरीला तो एक आकडा लिहितो. अर्धीला जुन्या हिशेबासारख्या दोन उभ्या रेघा काढतो, कारण त्याचे वडील तसंच लिहायचे.

गुरुवारपासूनच्या घरांत आकड्याशेजारी गोलात ‘उ’ आहे. उ म्हणजे उक्तं. दोन गवंडी, एक बिगारी आणि एक बिगारी बाई अशा चौघांनी तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांचं प्लास्टर फुटावर घेतलंय. बुधवारपर्यंत चौघं रोजावर होते. गवंड्याला रोज १,०००, बिगाऱ्याला ७००, बाईला ६००.

“उक्त्याला हजेरी कशाला लिहायची?” मी विचारलं.

“वाटणी कशावर करू मग?” तो म्हणाला. “आणि गोल काढला नाही तर त्याच दिवसाचा रोजही लागतो, उक्तंही लागतं. मागं एकदा झालं तसं. पैसे माझ्या खिशातून गेले.”

८:१५

तिसरा मजला. परांचीवर गवंडी थापीने माल मारतोय. बाई खालून घमेली भरून देते. माल कालवायचा, घमेलं भरायचं, डोक्यावर घ्यायचं, परांचीपाशी वर द्यायचं, रिकामं घेऊन परत यायचं. मी पंधरा मिनिटांत अकरा घमेली मोजली. रोजावर असते तेव्हा एवढी घाई नसते, असं तीच म्हणाली. नवरा पलीकडच्या साइटवर सेंट्रिंगला आहे.

काल तिच्या ओळीत दोन रेघा पडल्या. मुलाला ताप आला म्हणून जेवणाच्या सुट्टीत गेली, परत आली नाही. इथला नियम साधा आहे. एकपर्यंत काम केलं तर अर्धी. त्याआधी गेलं तर मुकादमाच्या मनावर, आणि भांडणं होतात ती तिथेच.

१०:३०

मुकादम खोली मापायच्या आधी भिंत वाजवतो. थापीचा दांडा उलटा धरून टक टक करत जातो. भरीव आवाज येत होता, खिडकीच्या वरच्या कोपऱ्यात तो बदलला. पोकळ. प्लास्टरने तिथे भिंत धरलेली नाही. मग ओळंबा सोडला, तो बरोबर होता.

“एवढं काढा. मग टेप लावतो.”

गवंड्याने काही न बोलता दोन वितींचा तुकडा खरवडला, भिंतीवर पाणी मारलं, पुन्हा भरला. रोजावर असता तर हा वेळ ठेकेदाराचा गेला असता. उक्त्यात तो चौघांचा गेला.

दुपारी १२:१०

टेप. पहिली खोली १४ बाय ११ फूट, चारही भिंतींची लांबी ५० फूट. दुसरी १२ बाय साडेनऊ, म्हणजे ४३ फूट. उंची ९. एकूण ९३ गुणिले ९, ८३७ चौरस फूट.

आता वजावट. मधलं दार ३ बाय ७, २१ फूट. ते दोन्ही खोल्यांच्या भिंतींत येतं, पण वजा एकदाच करतात. दुसरी बाजू दाराच्या कडांच्या कामात धरायची. यावर कुणी बोललं नाही. खिडक्या दोन, प्रत्येकी ४ बाय ४. ठेकेदाराचा माणूस म्हणाला, ३२ फूट वजा. गवंडी म्हणाला, सपाट भिंतीवर हात झरझर चालतो, खिडकीच्या कडा काढायला अर्धा दिवस मोडतो, तुम्ही भोक मोजून पैसे कापता. मला त्याचं पटलं. शेवटी निम्मे, १६ फूट कापायचे ठरले. ८३७ वजा ३७, बरोबर ८००. दर फुटाला १५ रुपये. बारा हजार.

हे माप मुकादमाने तिथल्या तिथे वहीत लिहिलं आणि दोन्हीकडून सह्या घेतल्या. संध्याकाळी दार तीनचं होतं की साडेतीनचं, हे कुणाला आठवत नाही.

३:००

वाटणी. अनेक ठिकाणी उक्त्याचा वरचा पैसा गवंडीच ठेवतात, बिगाऱ्याला नुसता रोज देतात. हा मुकादम तसं करत नाही. तो आधी तीन दिवसांचा रोज मांडतो. दोन गवंडी, प्रत्येकी ३,०००. बिगारी २,१००. बाई अडीच दिवसांचे १,५००. बेरीज ९,६००. मिळाले १२,०००. म्हणजे रुपयाला सव्वा रुपया पडला. प्रत्येकाचा आकडा सव्वापट करायचा. गवंड्यांना ३,७५०, बिगाऱ्याला २,६२५, बाईला १,८७५.

एक गवंडी कुरकुरला. “तिची तर काल अर्धीच होती.”

“अर्धीच धरलीये,” मुकादम म्हणाला आणि अडीचवर बोट ठेवलं.

नुसत्या रोजाने बाईला १,५००च मिळाले असते. फरक ३७५ रुपयांचा.

४:४५

ठेकेदाराचे पैसे आले. त्याआधी मुकादमाने बाईच्या ओळीपुढची वजाबाकीची दोन घरं भरली. एक खर्चीचं, दुसरं उचलीचं. खर्ची म्हणजे बुधवारी किराण्याला दिलेले ५००. ते याच आठवड्यात पूर्ण कापायचे. उचल म्हणजे जूनमध्ये शाळेसाठी घेतलेले ४,०००. ती हप्त्याने, आठवड्याला ५०० फिटते. दोन्ही एकाच घरात लिहिलं की माणसाला आपलं किती फिटलं ते कळेनासं होतं, आणि मुकादमालाही. म्हणून उचलीच्या प्रत्येक ओळीपुढे तारीख, अंगठा आणि उरलेली रक्कम.

५:२०

बाईची पाळी. मुकादम मोठ्याने वाचतो. “सोमवार ते बुधवार तीन रोज, अठराशे. उक्तं अठराशे पंचाहत्तर. झाले छत्तीसशे पंचाहत्तर. खर्ची पाचशे, उचल पाचशे. हातात सव्वीसशे पंचाहत्तर. उचल होती अडीच हजार, राहिली दोन हजार. बरोबर का वैनी?”

ती लगेच हो म्हणाली नाही. शेडच्या पत्र्यावर ती रोज कोळशाने रेघ ओढते, अर्ध्या दिवसाला अर्धी. सकाळी मोजून आली होती. ओठ हलले, साडेपाच.

“बरोबर.”

“फोनवर टाकू?”

“नको दादा. फोन त्यांच्याकडं असतो. रोख द्या.”

सुटे नव्हते. “पंचाहत्तर पुढच्या आठवड्यात घे.”

“आत्ताच द्या.”

मुकादम चहाच्या टपरीवर पोरगा पाठवतो. ती उभी राहते. मागचे दोघं खोळंबतात, पण कुणी तिला बाजूला हो म्हणत नाही. तेही सुट्ट्यांसाठीच थांबलेत.

६:१०

सगळे गेले. मुकादम भरलेल्या पानाचा मोबाइलवर फोटो काढतो. जुन्या वह्या तो पत्र्याच्या पेटीत ठेवतो. बांधकाम कामगार मंडळात नोंदणी करायची तर वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो, आणि तो मागायला माणसं त्याच्याकडे येतात. तो मग जुन्या पानांवरच्या हजेऱ्या मोजत बसतो. उक्त्याच्या दिवशी त्याने हजेरी सोडली असती, तर ते दिवस कुठेच सापडले नसते.

मग नवं पान. वरती सोमवारची तारीख. नावं त्याच क्रमाने. बाईच्या ओळीत सहा घरं रिकामी, पुढच्या उचलीच्या घरात आधीच लिहिलेलं, २,०००.