रुपया घसरला की आयटी कंपनीला किती मिळते?

डॉलर महागला की आयटी कंपन्यांचे शेअर बहुतेकदा वधारतात. बिल डॉलरमध्ये आणि पगार रुपयांत, म्हणजे फायदा उघडच आहे, असा त्यामागचा विचार. तो खोटा नाही, पण अर्धाच आहे.

समजा, हिंजवडीतल्या एका कंपनीने अमेरिकी बँकेला १०० डॉलरचे बिल लावले. डॉलर ८० रुपये असताना तिला ८,००० रुपये मिळाले. खर्च ६,००० रुपये, म्हणून नफा २,००० आणि मार्जिन २५ टक्के. आता डॉलर ८४ झाला. सगळा खर्च पुण्यातच होत असेल, तर तो ६,००० वरच राहील, नफा २,४०० होईल आणि मार्जिन २८.६ टक्क्यांवर जाईल. एका ओळीचाही जादा कोड न लिहिता मिळालेला हा नफा आहे.

पण या कंपनीची काही माणसे अमेरिकेत ग्राहकाकडे बसून काम करतात आणि त्यांचे पगार डॉलरमध्ये द्यावे लागतात. निम्मा खर्च असा ‘ऑनसाइट’ धरला, तर ३,००० चे ३,१५० होतात. एकूण खर्च ६,१५०, मार्जिन २६.८ टक्के.

खरी मेख फॉरवर्ड करारात असते. रुपया अचानक वधारला तर नुकसान नको, म्हणून कंपन्या पुढच्या काही महिन्यांत येणारे डॉलर आजच ठरलेल्या दराने बँकेला विकून ठेवतात. आपल्या कंपनीने निम्मे डॉलर ८१ ने विकले असतील, तर त्या ५० डॉलरवर बाजारातल्या ८४ चा फायदा मिळणार नाही. एकूण जमा ८,२५० रुपये आणि मार्जिन जेमतेम २५.५ टक्के. जुने करार संपून नवे चढ्या दराने झाले, की उरलेला फायदा हळूहळू पदरात पडतो. ताळेबंद वाचणाऱ्याने इथे सावध राहावे. काही कंपन्या या करारांतला तोटा ‘इतर उत्पन्नात’ दाखवतात, त्यामुळे कामकाजाचे मार्जिन प्रत्यक्षापेक्षा चांगले दिसते.

हा फायदा टिकतोच असेही नाही. करार नूतनीकरणाला आला की ग्राहकाचा खरेदी विभाग दर कमी करायला सांगतो. रुपया कुठे आहे हे त्यालाही दिसत असते. शिवाय पगारवाढ आहेच. २०२२-२३ मध्ये डॉलर सुमारे ७६ वरून ८२ रुपयांवर गेला. तरीही टीसीएसचे कामकाजाचे मार्जिन २५.३ वरून २४.१ टक्क्यांवर आणि इन्फोसिसचे २३ वरून २१ टक्क्यांवर उतरले. त्या काळात नोकरी सोडून जाणाऱ्यांचे प्रमाण मोठे होते. माणसे टिकवायला आणि नवी आणायला जास्त पगार मोजावे लागले, बाहेरच्या कंत्राटी माणसांवरचा खर्च वाढला, आणि त्यापुढे स्वस्त रुपयाची मदत तोकडी पडली.